‘राँग शो’ म्हणून डाव गेला? कंपनीकडून नेमकी कोणती नोंद मागायची

रमीच्या ॲपवर पैसे लावून खेळणं ऑगस्ट 2025 मध्ये बंद झालं, पण त्याआधीचे वाद काही मिटलेले नाहीत. पानं बरोबर लावली होती, शेवटच्या क्षणी स्क्रीन अडकली, परत आली तेव्हा ‘राँग शो’ लिहिलेलं होतं, असं सांगणारे गावोगावी भेटतात. बहुतेकांनी त्या रात्री ॲपच्या चॅटवर तक्रार केली, दुसऱ्या दिवशी ‘आमच्या नोंदीनुसार निकाल बरोबर आहे’ असं एका ओळीचं उत्तर आलं आणि विषय तिथंच थांबला. मात्र ज्या ‘नोंदी’चा हवाला कंपनीने दिला, ती नोंद किती जणांनी पाहिली? जवळपास कुणीच नाही, कारण ती मागायची असते आणि नेमक्या शब्दांत मागायची असते, हेच कुणी सांगितलेलं नसतं.

कायद्याची गोष्ट आधी उरकून घेऊ. ऑनलाइन गेमिंग प्रोत्साहन व नियमन कायद्याला 22 ऑगस्ट 2025 रोजी राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली आणि त्याच दिवसांत मोठ्या कंपन्यांनी पैशांचे खेळ थांबवले. या कायद्यात शिक्षा आहे ती असे खेळ चालवणाऱ्याला, जाहिरात करणाऱ्याला आणि पैशांचे व्यवहार करून देणाऱ्याला. खेळणाऱ्याला शिक्षा नाही. त्यामुळे ‘तक्रार केली तर आपल्यावरच केस होईल’ या भीतीने गप्प बसण्याचं कारण नाही. उलट जे ॲप आजही पैसे घेऊन रमी किंवा तीन पत्ती खेळवतंय, त्याच्याकडे नोंदी मागण्यात अर्थ नाही. तिथं गेलेल्या पैशासाठी 1930 हा सायबर हेल्पलाइनचा नंबर आणि cybercrime.gov.in हे पोर्टल आहे. पुढचं सगळं आहे ते ज्या कंपनीचं नाव, पत्ता आणि तक्रार अधिकारी भारतात आहे तिच्याबद्दल, आणि बंदीच्या आधी खेळलेल्या डावाबद्दल.

एका रात्रीचा डाव

समजायला सोपं जावं म्हणून एक उदाहरण घेऊ. समजा, तालुक्याच्या गावापासून बारा किलोमीटरवर राहणारा एक तरुण 14 जुलै 2025 च्या रात्री सहा जणांच्या टेबलावर पॉइंट रमी खेळत होता. एका पॉइंटला 10 रुपये. या खेळात जास्तीत जास्त हार 80 पॉइंटची असते, म्हणून टेबलावर बसण्यासाठी 800 रुपये लागतात. पहिल्याच फेरीत पानं टाकून बाहेर पडलं तर 20 पॉइंट, मधे सोडलं तर 40, आणि चुकीचा शो केला तर पूर्ण 80.

दोघं आधीच बाहेर पडले होते. आपल्या या तरुणाच्या हातात बदामाची चौर्‍या-पंजी-छक्की होती, म्हणजे प्युअर सिक्वेन्स. किलवरची नव्वी, दश्शी आणि गुलाम. तीन सत्त्या. चौकटची राणी, राजा, एक्का आणि सोबत जोकर. तेरा पानं, डाव पूर्ण. त्याने चौदावं पान ‘फिनिश’वर टाकलं आणि गट नीट लावायला सुरुवात केली. गुलाम बाजूला पडला होता, तो त्याने नव्वी-दश्शीजवळ ओढला. तेवढ्यात स्क्रीनवर गोल चक्र फिरायला लागलं. अर्ध्या मिनिटाने ॲप परत जोडलं गेलं तेव्हा त्याच्या नावापुढे उणे 80 होते. 800 रुपये गेले.

त्याचं म्हणणं असं की शो बरोबर होता, म्हणून मला जिंकल्याचे पैसे द्या. बाकीच्या पाच जणांचे पॉइंट मिळून 210 भरत होते असं धरलं, तर 2,100 रुपये होतात. त्यातून कंपनीची 10 टक्के फी, 210 रुपये, वजा करून 1,890. म्हणजे मिळायचे होते 1,890 आणि गेले 800. फरक 2,690 रुपयांचा. रक्कम फार मोठी नाही, पण हेच एखाद्या मोठ्या टेबलावर झालं असेल तर आकडा सहज वीस-पंचवीस हजारांवर जातो आणि मागणी करण्याची पद्धत मात्र तीच राहते.

इथं एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. खेळाडूच्या मोबाइलवर जे दिसतं आणि कंपनीच्या सर्व्हरवर जे पोचतं, ते दर क्षणी एकच असेल असं नाही. फिनिशनंतर गट लावायला साधारणपणे काही सेकंद मिळतात. त्या वेळात नेट तुटलं, तर बहुतेक ॲपच्या नियमांत सर्व्हरकडे शेवटची पोचलेली मांडणी हाच शो धरला जातो. मोबाइलवर गुलाम जागेवर बसला, पण ती हालचाल सर्व्हरपर्यंत गेलीच नाही, तर सर्व्हरच्या हिशोबाने गुलाम सुटा आणि शो चुकीचा. खेळाडू खोटं बोलत नसतो आणि कंपनीची नोंदही खोटी नसते. वाद खरा आहे तो वेगळाच: नेट तुटलं कुणाकडून?

‘गेम हिस्ट्री’ मागितली की स्कोअरबोर्ड मिळतो

हाच प्रश्न सोडवणारा कागद मागायचा असतो, आणि बरेचसे अर्ज इथंच फसतात. ‘माझी गेम हिस्ट्री द्या’ असं लिहिलं की कंपनी ॲपमध्येच दिसणारी यादी पाठवते: तारीख, टेबल, हार की जीत, किती रुपये. ही यादी खेळाडूकडे आधीपासूनच असते. त्यातून काही सिद्ध होत नाही.

मागायला हवा तो त्या एका डावाचा क्रमवार लॉग, म्हणजे सर्व्हरने सेकंदासेकंदाला टिपलेल्या घटनांची नोंद. प्रत्येक कंपनीची मांडणी वेगळी असते, पण वरच्या डावाचा लॉग साधारण असा दिसेल:

```
21:42:31  FINISH        seat 3
21:42:36  GROUP_UPDATE  seat 3
21:42:41  DISCONNECT    seat 1, 3, 4, 6
21:43:06  AUTO_SUBMIT   seat 3
21:43:06  INVALID_SHOW  seat 3  -80
21:43:19  RECONNECT     seat 3
```

आपला तरुण तिसऱ्या जागेवर बसला होता. 9 वाजून 42 मिनिटं 31 सेकंदांनी त्याने फिनिश केलं. पाच सेकंदांनी त्याची शेवटची मांडणी सर्व्हरला मिळाली. आणखी पाच सेकंदांनी जोडणी तुटली. वेळ संपल्यावर, 43 मिनिटं 6 सेकंदांना, सर्व्हरने हातात असलेली मांडणी स्वतःच जमा केली आणि तो शो चुकीचा ठरवला. खेळाडू परत आला त्यानंतर तेरा सेकंदांनी.

आता तिसरी ओळ पुन्हा वाचा. जोडणी फक्त तिसऱ्या जागेची तुटलेली नाही. एक, तीन, चार आणि सहा, म्हणजे टेबलावर खेळत असलेले चौघेही एकाच सेकंदाला तुटले. दुसरा आणि पाचवा आधीच डाव सोडून गेले होते. चार वेगवेगळ्या गावांतल्या चार जणांची रेंज एकाच सेकंदाला जाणं अवघड आहे. हे कंपनीच्या सर्व्हरकडून झालेलं दिसतं. याच ओळीत फक्त ‘seat 3’ असतं, तर तुटणं खेळाडूच्या बाजूचं ठरलं असतं, नियम त्याच्या विरुद्ध गेला असता आणि भांडणात दम उरला नसता. सगळा वाद त्या एका ओळीवर येऊन थांबतो, आणि ॲपमधल्या हिस्ट्रीत ती ओळ कधीच दिसत नाही.

म्हणून मागणी करताना स्वतःच्या जागेपुरता लॉग मागून भागत नाही. त्या डावात टेबलावरच्या सर्व जागांच्या जोडणीच्या नोंदी मागाव्यात. कंपनी लगेच म्हणते की दुसऱ्या खेळाडूंची माहिती देता येत नाही. हे म्हणणं अर्धं बरोबर आहे. त्यांची नावं, मोबाइल नंबर, ठिकाण कंपनीने देऊ नये आणि मागूही नये. पण ‘जागा 1’, ‘जागा 4’ असा नुसता क्रमांक ठेवून जोडणी कधी तुटली आणि कधी आली, हे द्यायला कुणाच्या खासगीपणाला धक्का लागत नाही. हे अर्जातच लिहून टाकलं, तर एक पत्र वाचतं.

वेळेच्या बाबतीत एक खोड नेहमी आढळते. सर्व्हरची घड्याळं पुष्कळदा भारतीय वेळेवर नसतात, ती जागतिक प्रमाणवेळेवर चालतात आणि ती आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असते. रात्री 9:42 चा डाव लॉगमध्ये 16:12 असा दिसू शकतो. ‘ही नोंद माझ्या डावाची नाहीच, मी दुपारी खेळलोच नव्हतो’ असं रागाने लिहून पाठवणारे आहेत, आणि मग कंपनीला त्यांचीच चूक दाखवायची संधी मिळते. लॉग हातात आला की आधी गेम आयडी जुळवावा, मग साडेपाच तास मिळवून वेळ पाहावी.

पैशांचा हिशोब वेगळा मागायचा

डावाच्या लॉगसोबत खात्याचं लेजर, म्हणजे पैशांच्या प्रत्येक नोंदीचा उतारा, मागावा लागतो. डाव कसा गेला हे लॉग सांगतो. पैसे कुठल्या डावापोटी कापले हे लेजर सांगतं. दोन्हींतला गेम आयडी जुळला पाहिजे.

लेजर वाचताना मात्र एका ठिकाणी जवळपास सगळे अडखळतात. 1 ऑक्टोबर 2023 पासून खात्यात भरलेल्या रकमेवर 28 टक्के जीएसटी लागू झाला होता आणि तो भरलेल्या रकमेतूनच वजा व्हायचा. आपल्या तरुणाच्या खात्यात त्या संध्याकाळी आधीचे 150 रुपये होते. त्याने यूपीआयने 1,280 भरले. त्यातले 280 जीएसटीचे गेले आणि 1,000 जमा झाले. बऱ्याच कंपन्या तेवढीच रक्कम बोनस म्हणून वेगळ्या रकान्यात टाकायच्या. म्हणजे रोख 1,150 आणि बोनस 280. टेबलावर 800 गेले, रोख उरली 350. आता हा तरुण तोंडी हिशोब करतो: 150 अधिक 1,280, वजा 800, म्हणजे 630 उरायला हवेत, खात्यात तर 350 आहेत, 280 रुपये कंपनीने खाल्ले! प्रत्यक्षात ते 280 बोनसच्या रकान्यात आहेत आणि बोनस बँकेत काढता येत नाही, तो फक्त खेळायला वापरता यायचा. हे योग्य की अयोग्य यावर बोलता येईल, पण ती चोरी नव्हे. तक्रारीत हे 280 घातले की कंपनी त्या एका मुद्द्याचं सविस्तर उत्तर देते आणि खऱ्या 800 च्या प्रश्नाला बगल देते. हरलेल्या माणसाला प्रत्येक आकडा संशयाचा वाटतो हे साहजिक आहे, पण अर्जात वादाचा आकडा एकच असावा.

लेजर स्वतःच बरोबर आहे का, हे तपासायला दोन बाहेरचे कागद उपयोगी पडतात. पहिला बँकेचा उतारा. त्यात प्रत्येक यूपीआय व्यवहाराचा बारा अंकी क्रमांक मिळतो आणि तोच लेजरमध्ये असायला हवा. दुसरा आयकर खात्याच्या पोर्टलवरचा 26एएस. 1 एप्रिल 2023 पासून ऑनलाइन खेळातल्या निव्वळ जिंकलेल्या रकमेवर 30 टक्के टीडीएस कापला जात होता आणि तो कंपनीने खेळाडूच्या पॅनवर भरायचा होता. लेजरमध्ये टीडीएस कापलेला दिसतो आणि 26एएसमध्ये नाही, असं आढळलं तर तो वेगळाच आणि जास्त गंभीर मुद्दा आहे. त्याची तक्रार डावाच्या तक्रारीत मिसळू नये.

पहिलं पत्र नोंदी जपण्याचं

खेळ बंद झाल्यावर अनेकांनी उरलेली रक्कम काढून घेतली आणि रागाने खातंच डिलीट केलं. वाद बाकी असेल तर हे करू नये. माहिती तंत्रज्ञान नियम 2021 मध्ये खातं रद्द झाल्यावर नोंदणीवेळी घेतलेली माहिती 180 दिवस ठेवण्याचं बंधन आहे. पण डावाचे लॉग किती दिवस ठेवायचे हे मुख्यतः कंपनीच्या स्वतःच्या धोरणावर असतं. खातं चालू आहे तोवर कंपनीला ‘आमच्याकडे आता काही नाही’ म्हणणं जड जातं.

त्यामुळे पहिलं पत्र लॉग मागण्याचं आणि त्याच वेळी लॉग नष्ट न करण्याची सूचना देणारं असावं. ते चॅटवर न पाठवता तक्रार अधिकाऱ्याच्या ईमेलवर पाठवावं. ॲपच्या किंवा वेबसाइटच्या अगदी खाली ‘Grievance’ असा शब्द असतो, तिथं अधिकाऱ्याचं नाव आणि ईमेल मिळतो. पत्र मराठीत लिहिलं तरी बिघडत नाही, पण उत्तर लवकर हवं असेल तर सेवा केंद्रावरून इंग्रजीत करून घेतलेलं बरं. मजकूर एवढाच पुरतो:

“माझ्या नोंदणीकृत मोबाइल नंबरवरील खात्यातून 14 जुलै 2025 रोजी रात्री 9:40 ते 9:45 दरम्यान खेळलेल्या डावाच्या (गेम आयडी सोबत दिला आहे) निकालाबाबत माझी तक्रार आहे. त्या डावाचा सर्व्हरवरील क्रमवार लॉग वेळेसह द्यावा. त्यात मला वाटलेली पानं, माझी प्रत्येक हालचाल सर्व्हरला पोचल्याची वेळ, शो म्हणून स्वीकारलेली मांडणी आणि टेबलावरील सर्व जागांची जोडणी तुटल्याच्या व परत आल्याच्या वेळा असाव्यात. इतर खेळाडूंची ओळख झाकावी. त्या वेळी सर्व्हरमध्ये बिघाड नोंदला गेला होता का, हे लेखी कळवावं. त्या दिवशी लागू असलेल्या खेळाच्या नियमांची प्रत द्यावी. 1 जुलै ते 31 जुलै 2025 चं खात्याचं पूर्ण लेजर द्यावं. तक्रार निकाली निघेपर्यंत यातली कोणतीही नोंद नष्ट करू नये.”

यातली ‘त्या दिवशी लागू असलेल्या नियमांची प्रत’ ही मागणी किरकोळ वाटते, पण ती सोडू नये. कंपन्या नियम बदलत राहतात आणि वेबसाइटवर फक्त ताजे नियम दिसतात. खेळ बंद झाल्यावर काहींनी ते पानच काढून टाकलं. सर्व्हर बिघडला तर डाव रद्द करून प्रवेशाची रक्कम परत, असं कलम त्या दिवशी होतं की नाही, यावरच पुढची मागणी उभी राहते.

आणि एक मागणी टाळावी. अनेक जण पत्रात आरएनजी प्रमाणपत्र मागतात. आयटेक लॅब्ससारख्या चाचणी संस्था ॲपमधली पानं पिसण्याची पद्धत तपासून असं प्रमाणपत्र देतात. त्यातून एवढंच कळतं की पानं एकंदरीत न ठरवता पिसली जातात. त्या रात्री 9:42 ला गुलाम सर्व्हरला पोचला का, याच्याशी त्या प्रमाणपत्राचा काही संबंध नाही. कंपनी मात्र ते आनंदाने पाठवते, कारण सुंदर शिक्का असलेला कागद दिला की उत्तर दिल्यासारखं दिसतं.

मुदत आणि टोलवाटोलवी

माहिती तंत्रज्ञान नियमांनुसार तक्रार अधिकाऱ्याने 24 तासांत पोच आणि 7 दिवसांत निवारण द्यायचं असतं. कंपनीने हे नियम आपल्याला लागूच नाहीत असं म्हटलं, तर ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम 2020 मध्ये 48 तासांत पोच आणि एका महिन्यात निवारण अशी मुदत आहे. कोणताही नियम धरला तरी महिन्याच्या पुढे गप्प बसायला जागा राहत नाही.

पहिलं उत्तर बहुधा जुनंच असतं: निकाल बरोबर आहे. त्यावर वाद घालत बसण्यापेक्षा दुसऱ्या पत्रात एकच प्रश्न विचारावा: ‘21:42 ते 21:44 दरम्यान या टेबलावरील किती जागांची जोडणी तुटली?’ याचं उत्तर आकड्यात द्यावं लागतं. आकडा दिला तर वाद सुटतो, आणि टाळला तर टाळल्याचा लेखी पुरावा तयार होतो. याच पत्रासोबत आपल्या बाजूचं नेट चालू होतं हे दाखवणारं काही असेल तर जोडावं. त्या मिनिटाला आलेला किंवा पोचलेला व्हॉट्सॲप मेसेज, त्याच्या तपशिलातली वेळ, एवढंही चालतं. तो पक्का पुरावा नव्हे, कारण एका सेकंदासाठी रेंज जाऊन परत येऊ शकते, पण चार जागा एकदम तुटल्याच्या नोंदीला तो जोड देतो.

काही जण अर्जात नव्या डेटा संरक्षण कायद्याचा, म्हणजे 2023 च्या डीपीडीपी कायद्याचा हवाला देतात. स्वतःची माहिती मागण्याचा हक्क त्यात आहे खरा, पण नियम नोव्हेंबर 2025 मध्ये आले आणि हक्कांच्या तरतुदी त्यानंतर 18 महिन्यांनी लागू व्हायच्या आहेत. तोवर त्या कलमावर सगळा भर टाकला तर कंपनीला तेवढंच कारण मिळतं.

लॉग मिळाला आणि चारही जागा एकदम तुटल्याचं दिसलं, तरी मागणी किती करायची? इथं आपल्या तरुणाला थोडं वाईट वाटेल. सर्व्हरच्या बिघाडात डाव रद्द होतो, तो कुणी जिंकत नाही. शेवटची मांडणी सर्व्हरला मिळालीच नव्हती, त्यामुळे शो बरोबर होता हे त्याच्या शब्दाशिवाय कशानेही सिद्ध होत नाही. म्हणजे रास्त मागणी 800 रुपयांची आहे, 2,690 ची नाही. गुलाम ओढल्याची नोंद तुटण्याआधी सर्व्हरला पोचलेली असती आणि तरीही शो चुकीचा ठरवला असता, तर गोष्ट वेगळी होती. मग 2,690 मागता आले असते. लॉग हाती येण्याआधीच आकडा लिहून टाकणारे पुढे त्या आकड्यातच अडकतात.

पुढची पायरी

महिनाभरात काही झालं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915 वर किंवा consumerhelpline.gov.in वर नोंद करावी. ही हेल्पलाइन निकाल देत नाही, कंपनीकडे पाठपुरावा करते. पण बाहेरून विचारणा आली की चॅटवरच्या माणसाकडून फाइल वर सरकते.

त्यानंतर जिल्हा ग्राहक आयोग. 2019 च्या कायद्याने तक्रारदार राहतो त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते, नियमांत ‘सर्व वाद बंगळुरूत’ असं लिहिलेलं असलं तरी. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही आणि ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या दाखल करता येते. मुदत दोन वर्षांची. 14 जुलै 2025 चा डाव असेल तर ती जुलै 2027 च्या मध्यावर संपते, आणि कंपनीशी पत्रव्यवहार चालू आहे म्हणून ती आपोआप वाढत नाही.

इथं कंपनीची ठरलेली हरकत असते: हा पैजेचा करार आहे आणि करार कायद्याच्या कलम 30 नुसार पैजेच्या पैशाचा दावा चालत नाही. गंमत अशी की याच कंपन्या वर्षानुवर्षे रमी हा कौशल्याचा खेळ असल्याचं सांगत होत्या आणि 1968 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाचा हवाला देत होत्या. तरीही हरकत पोकळ समजू नये. म्हणून तक्रार ‘मी जिंकलो, पैसे द्या’ अशी मांडू नये. ‘सेवेत बिघाड झाला, नियमाप्रमाणे प्रवेशाची रक्कम परत केली नाही आणि मागूनही नोंदी दिल्या नाहीत’ अशी मांडावी. ती सेवेतल्या त्रुटीची तक्रार होते.

कागदपत्रं हजर करायला लावण्याचा अधिकार आयोगाला कलम 38 खाली आहे. जो लॉग कंपनीने ईमेलवर नाकारला, तो इथं अर्ज करून मागवता येतो, आणि त्या अर्जासोबत महिन्याभरापूर्वीचं ‘नोंद नष्ट करू नये’ असं सांगणारं पत्र आणि त्याची पोच लावायची. लॉग आला तर तो छापील कागदावर न घेता मूळ फाइल आणि भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 खालचं प्रमाणपत्र यांसह मागावा. त्या प्रमाणपत्रात फाइलची हॅश व्हॅल्यू लिहिलेली असते आणि नंतर फाइलमध्ये एक अक्षर जरी बदललं तरी ती जुळत नाही. आणि लॉग आता उरलेलाच नाही असं कंपनीने सांगितलं, तर जपायला सांगितल्यानंतर तो कोणत्या तारखेला आणि कुणाच्या आदेशाने काढला, हे शपथपत्रावर विचारता येतं.